स्वेडचे बूट, लेदरची बॅग, पांढरे कॅनव्हास: तिन्हींवर चिखल, काय आधी करू?

मृणाल_मानपाडा | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. काल कापूरबावडीजवळ एका हॉलला बारसं होतं, रिक्षावाल्याने सर्विस रोडला सोडलं आणि मेट्रोच्या खांबांखाली जिथे खोदून ठेवलंय तिथे नवऱ्याचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत गेले. बूट स्वेडचे, टॅन कलरचे, दिवाळीत घेतलेले आणि जेमतेम चार वेळा घातलेले. माझी लेदरची बॅग त्याच्या हातात होती, तीही खालून भरली. आज सकाळी लेक क्लासच्या ग्रुपबरोबर येऊरला गेली आणि पांढरे कॅनव्हासचे शूज पार तांबडे करून आली. म्हणजे एका वीकेंडला तिन्ही.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते. हॉलच्या नळावर नवऱ्याने डावा बूट ओल्या रुमालाने खसाखसा पुसला, मी ओरडले म्हणून उजवा तसाच राहिला. त्यामुळे डाव्यावर पुढच्या बाजूला राखाडी पट्टे आणि त्याच्याभोवती एक गडद कड दिसतेय, उजव्यावर चिखलाचा जाड थर अजून ओलसर आहे. बॅग मी बाळांच्या वाइप्सने पुसली, शिलाईत माती राहिलीय. कॅनव्हासला हात लावला नाही, बाल्कनीत ठेवलेत. बाहेर पाऊस थांबायचं नाव नाही. बूट आज रात्रीच धुवायला हवेत का?

नेहा_वाशी | रविवार, रात्री ९:३२

अगं रात्रभर ठेवू नकोस, डाग बसतो. हेअर ड्रायरने पटकन वाळव, मग टूथब्रशने घास. माझ्या भावाच्या बुटांचं मी असंच केलेलं. आणि कॅनव्हासचं काही टेन्शनच नाही, पांढरे आहेत ना, ब्लीच टाकून अर्धा तास भिजव, लख्ख होतात.

संदीप८२ | रविवार, रात्री ९:४०

वाचतोय. माझ्याकडे पण एक बॅग आहे, तिचं वरचं कव्हर पापुद्र्यासारखं सुटतंय, हाताला काळं लागतं. त्याला काय लावायचं? दुकानदार लेदर म्हणाला होता.

सुभाष_कळवा | रविवार, रात्री १०:२५

मृणालताई, उजव्या बुटाला आज रात्री हात लावू नका, आणि हेअर ड्रायर तर अजिबात नको. माझी अठ्ठावीस वर्षं धारावीत लेदर फिनिशिंगमध्ये गेलीत, त्यावरून सांगतो.

स्वेड म्हणजे चामड्याची आतली बाजू, घासून तिची लव उभी केलेली असते. गुळगुळीत चामड्याला वर एक थर असतो, त्यामुळे चिखल वरच राहतो. स्वेडला तो थर नाही, नुसते मोकळे धागे. चिखल ओला असताना पुसला की पाण्याबरोबर मातीचे बारीक कण त्या धाग्यांच्या मुळाशी जातात, वरून पुसल्यासारखं वाटतं पण प्रत्यक्षात आपण ते आत भरत असतो. तुमच्या डाव्या बुटाचं तेच झालंय. तोच चिखल पूर्ण वाळला की आक्रसतो, त्याला भेगा पडतात आणि लव सोडून तो ढेकळासारखा निघतो.

आत्ता एवढंच करा. उजव्यावर जाड थर असेल तर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने वरचा वर उचलून घ्या, दाबायचं नाही, ओढायचं नाही. आतला सोल निघत असेल तर काढा. बुटात जुन्या सुती कपड्याचे बोळे भरा म्हणजे आकार राहील आणि आतली ओल शोषली जाईल, दर पाच-सहा तासांनी बोळे बदला. वर्तमानपत्र भरणार असाल तर त्यावर साधा पांढरा कागद गुंडाळा, नाहीतर शाई अस्तराला लागते. मग पंख्याखाली, आडवे न ठेवता भिंतीला तिरके टेकवून. या हवेत दोन दिवस लागतील, घाई करू नका. उष्णतेने चामडं आखडतं आणि कडक होतं, ते परत मऊ होत नाही.

वाळलंय की नाही हे बघायला बुटात पंज्याच्या जागी हाताची मागची बाजू लावून बघा. गार लागलं तर अजून ओल आहे, वरून कितीही कोरडं दिसलं तरी.

नेहा_वाशी | रविवार, रात्री १०:४१

काका, भावाच्या बुटांना काही झालं नव्हतं म्हणून सांगितलं. पण ते स्वेडचे होते की स्वेडसारखं दिसणारं कापड होतं हे आता आठवत नाही, कापडच असावं.

साईट_इंजिनिअर_ऐरोली | रविवार, रात्री ११:०५

सुभाषकाका, एक मुद्दा. मेट्रोच्या खांबांखालचा चिखल म्हणजे नुसती माती नसते. तिथे काँक्रीटचं काम चालू असतं, मिक्सर धुतलेलं पाणी त्याच रस्त्यावर येतं. सिमेंट वाळत नाही, ते सेट होतं, म्हणजे पाण्याशी रिॲक्शन होऊन दगड होतो. आणि ओलं सिमेंट अल्कलाइन, पीएच बारा-तेराच्या घरात, साईटवर मजुरांच्या हातांची कातडी जाते त्याने. चामडं पण कातडीच आहे. त्यामुळे अशा चिखलाला दोन दिवस वाळू द्या हे मला पटत नाही, मी तर लगेच भरपूर पाण्याने धुवून टाकलं असतं.

मृणाल, रंग कसा आहे? काळपट-चॉकलेटी असेल तर माती, पांढुरका राखाडी असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

मृणाल_मानपाडा | रविवार, रात्री ११:१२

राखाडीच आहे! टाचेजवळ वाळलेला भाग तर पांढुरका दिसतोय. आता घाबरवू नका 😟

सुभाष_कळवा | रविवार, रात्री ११:३०

इंजिनिअर साहेबांचं म्हणणं बरोबर आहे, सिमेंट चामड्याला वाईट. पण स्वेडचा बूट नळाखाली धरला तर त्याचा रंग उतरतो, आतला पुठ्ठा फुगतो, चिकटवलेलं सुटतं, म्हणजे एक वाचवायला दुसरं घालवायचं. आणि आता चोवीस तास होऊन गेलेत, जे सेट व्हायचं ते झालं असेल. आधी नक्की काय आहे ते बघू. सोलच्या खाचेतून वाळलेला एक तुकडा काढा, बशीत ठेवून त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बोटांनी चुरडून पण बघा, मातीची पावडर होते, सिमेंट असेल तर करकरतं आणि पापुद्रे निघतात.

साईट_इंजिनिअर_ऐरोली | रविवार, रात्री ११:३८

हो, बुडबुडे आले तर चुना-सिमेंट आहे. पण बुडबुडे नाही आले म्हणून सिमेंट नाहीच असं धरू नका, प्रमाण कमी असलं तर दिसत नाही.

सुभाष_कळवा | रविवार, रात्री ११:४६

मान्य. संदीपभाऊ, तुमचं राहिलं. पापुद्रे सुटतात म्हणजे ते बहुतेक खरं लेदर नाही, कापडावर पीयूचा म्हणजे एका प्लास्टिकचा थर आहे. दमट हवेत तो थर आतूनच तुटतो, कपाटात न वापरता ठेवला तरी. त्याला लावायचं असं काही नाही, तेल-पॉलिशने उलट जास्त सुटेल.

नेहा_वाशी | सोमवार, सकाळी ७:५०

मृणाल, कॅनव्हासचं सांगितलेलं मात्र नक्की कर, ते मी स्वतः करते.

मृणाल_मानपाडा | सोमवार, दुपारी १:१५

सगळ्यांना थँक्यू. व्हिनेगरची टेस्ट केली. सोलच्या तुकड्यावर बारीक बुडबुडे आले, सोड्यावर येतात तसे जोरात नाही पण आले. चुरडल्यावर अर्धी माती, अर्धं करकरीत. म्हणजे मिक्स आहे.

आणि एक गडबड केली. सकाळी ऑफिसला जायच्या आधी लेकीच्या कॅनव्हासपैकी एक शूज ब्लीचच्या पाण्यात टाकला, अर्ध्या तासाने काढला. कापड सगळीकडे पांढरं झालं पण तांबडे डाग जसेच्या तसे, उलट आता जास्त उठून दिसतायत, नारिंगी. आणि रबराच्या पट्टीला लागून एक पिवळी रेघ आलीय जी आधी नव्हती. दुसरा शूज तसाच ठेवलाय.

नेहा_वाशी | सोमवार, दुपारी १:४०

अरे देवा, सॉरी गं. माझे शूज रस्त्याच्या साध्या चिखलाचे असतात, त्यावर खरंच छान निघतं. येऊरची माती वेगळी असेल हे डोक्यातच आलं नाही.

प्राजक्ता_लॅब | सोमवार, दुपारी ३:०५

मी केमिस्ट्री शिकवते त्यामुळे यावर बोलू शकते, चामड्यातलं मला कळत नाही.

तांबड्या मातीचा रंग लोहामुळे असतो, सरळ सांगायचं तर बारीक गंज. ब्लीच काय करतं, तर चहा, हळद असल्या सेंद्रिय रंगांचं ऑक्सिडेशन करून त्यांचा रंग घालवतं. गंज आधीच ऑक्सिडाइज झालेला आहे, ब्लीचला तिथे करण्यासारखं काही उरलेलं नसतं. आजूबाजूचं कापड पांढरं झालं म्हणून डाग उठून दिसतोय. रबराजवळची पिवळी रेघ बहुतेक तिथल्या गोंदाची आहे, ब्लीच आणि अल्कलाइन साबणाने रबर आणि गोंद दोन्ही पिवळे पडतात आणि तो पिवळेपणा पाण्याबरोबर कापडात येतो.

गंजाला लागतं ॲसिड. घरात लिंबूफूल असेल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळतं. पण ब्लीच लावलेल्या शूजवर ते आज लावायचं नाही. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, लिंबू आणि व्हिनेगरने पण. बाथरूमच्या बंद जागेत ते धोक्याचं आहे. आधी तो शूज वाहत्या पाण्यात चांगला दहा मिनिटं धू, मग बादलीभर पाण्यात रात्रभर ठेव, सकाळी पुन्हा धू, आणि ब्लीचचा वास पूर्ण गेलाय याची खात्री झाल्यावरच पुढे जा. बाकीचं काम खिडकी उघडून किंवा बाल्कनीत कर.

दुसऱ्या शूजचं आधी कोरडं काम कर. लेस आणि आतला सोल बाहेर, वाळलेली माती कोरड्या ब्रशने झाडून टाक, जेवढी झाडून निघेल तेवढी पाण्यात जात नाही. मग नळाखाली गार पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत. त्यानंतर कपडे धुवायच्या लिक्विडने मऊ ब्रश. उरलेल्या डागांवर एक कप पाण्यात एक चहाचा चमचा लिंबूफूल, कापसाने लाव आणि वीस मिनिटं ओलं राहू दे, वाळू देऊ नकोस. मग धू. दोन-तीन वेळा करावं लागेल आणि तरीही सगळं जाईल असं नाही, कारण बारीक मातीचे कण विणीत अडकलेले असतात, ते विरघळत नाहीत, फक्त फिके होतात.

गौरी_आजी | सोमवार, संध्याकाळी ५:२०

आमच्या वेळी शाळेचे पांढरे बूट वाळवताना त्यावर पांढरा कागद चिकटवायचो, ओला असतानाच. पिवळी रेघ कागदावर यायची. का ते माहीत नव्हतं, पण येत नक्की असे.

प्राजक्ता_लॅब | सोमवार, संध्याकाळी ६:०२

आजी, अगदी बरोबर! कापड वाळतं तेव्हा पाणी आतून बाहेर येतं आणि उडून जातं, त्यात विरघळलेलं साबण-गोंद-माती मात्र जिथे पाणी उडतं तिथेच मागे राहतं. म्हणून कडेला पिवळी रेघ. वर कागद असला की पाणी कागदातून उडतं आणि घाण कागदावर राहते. मृणाल, साधा पांढरा टिश्यू पेपर घे, रंगीत किंवा छापील नको, दोन थर ओल्या शूजला सगळीकडून चिकटव आणि पंख्याखाली ठेव. उन्हात नको, रबर लवकर पिवळं पडतं. त्याआधी धुणं पूर्ण व्हायला हवं, साबण राहिला तर कागद तरी किती ओढणार.

दीपक_कोल्हापुरी | सोमवार, रात्री ८:४५

बॅगेचं कोणी बोलतच नाहीये. मृणालताई, खोबरेल तेल लावा. आमच्या घरी चपलांना पिढ्यानपिढ्या तेलच लावतात, पावसाळ्यात गेलेल्या चपला परत मऊ होतात.

सुभाष_कळवा | सोमवार, रात्री ९:३०

दीपकभाऊ, कोल्हापुरी चपलेचं चामडं वनस्पतीच्या सालीने कमावलेलं असतं आणि वर रंगाचा थर नसतो, ते तेल पितं. तिथे थोडं तेल चालतं, माझे वडीलही लावायचे. ताईंच्या बॅगेला बहुतेक वर फिनिश असणार. तिथे तेल वर बसून राहतं, धूळ धरतं आणि जिथे फिनिश घासला गेलाय तिथून आत जाऊन काळपट डाग पाडतं, तो परत निघत नाही. शिवाय या हवेत तेलकट चामडं बुरशीला आयतं खाद्य.

ताई, आधी बॅगेच्या तळाला, जिथे दिसणार नाही तिथे पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब वरच राहिला तर फिनिश आहे. दोन-तीन मिनिटांत आत गेला आणि तिथे गडद झालं तर मोकळं चामडं आहे, मग पाणी अगदी जपून.

थेंब वर राहिला तर काम सोपं आहे. शिलाईतली माती कोरड्या मऊ टूथब्रशने शिलाईच्या दिशेने झाडा, आडवा ब्रश मारला तर वाळूचे कण आजूबाजूला ओरखडे काढतात. मग सुती कापड भिजवून घट्ट पिळा, एकदा पुसलं की कापडाची बाजू बदला. त्याच बाजूने परत पुसलं की आपण वाळूने पॉलिश करतोय असं होतं. अंगाचा साबण, भांड्यांचा साबण, सोडा काही नको. चामडं स्वभावाने थोडं आंबट असतं आणि साबण अल्कलाइन, रोजच्या वापराने ते कोरडं पडून तडकतं. वाइप्सचं म्हणाल तर एकदा चालून गेलं, सवय लावू नका. अस्तर बाहेर ओढून बॅग उघडी ठेवून सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्यावर लेदर कंडिशनर मटारच्या दाण्याएवढं, कापडावर घेऊन. आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवू नका.

दीपक_कोल्हापुरी | सोमवार, रात्री ९:५२

काका, आदर ठेवून सांगतो, माझ्या ऑफिसच्या बॅगेला दहा वर्षं खोबरेलच लावतोय, अजून बुरशी नाही. सगळ्याच लेदरला वाईट असं मला पटत नाही.

सुभाष_कळवा | सोमवार, रात्री १०:०४

तुमची बॅग कशा चामड्याची आहे ते बघितल्याशिवाय मी नाही म्हणणार नाही. ताईंच्या बॅगेला मात्र नको.

मृणाल_मानपाडा | बुधवार, रात्री १०:१०

अपडेट देते. बॅगेवर थेंब वरच राहिला, काकांनी सांगितलं तसं केलं, दोन तास शिलाई झाडण्यातच गेले पण बॅग स्वच्छ झाली, त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

बूट आज संध्याकाळी हाताला गार लागायचे थांबले, म्हणजे तब्बल चार दिवस लागले, आमच्याकडे हवा खूप दमट आहे. उजवा बूट बाल्कनीत दोन्ही हातांनी सोलवर ठोकला तर अर्धा चिखल तसाच गळून पडला, मला विश्वास बसेना. मग स्वेडचा ब्रश नव्हता म्हणून नखं साफ करायचा नवीन ब्रश घेतला, हळू हळू झाडलं. राहिलेल्या फिकट डागांवर लेकीचा पांढरा खोडरबर. सोलला लागून जो पांढुरका भाग होता तो मात्र ब्रशने हलत नाही, कडक आहे. डावा जास्त वाईट दिसतोय, राखाडी पट्टे ब्रशने थोडे कमी झाले पण ती गडद कड अजून आहे.

सुभाष_कळवा | बुधवार, रात्री १०:५०

खोडरबर पांढराच ठेवलात ते बरं केलंत, रंगीत असता तर रंग सोडला असता.

सोलजवळचा कडक भाग सिमेंटचा, तिथे इंजिनिअर साहेब बरोबर होते. एक चमचा पांढरं व्हिनेगर चार चमचे पाण्यात, आधी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला लावून वाळल्यावर रंग बघा. रंग टिकला तर कापडाची चिंधी त्यात ओली करून पिळा आणि फक्त त्या पांढुरक्या भागावर टेकवा, घासू नका. पाच मिनिटांनी कोरड्या कापडाने टिपून घ्या, मग साध्या पाण्याच्या ओलसर कापडाने टिपा म्हणजे व्हिनेगर मागे राहणार नाही. वाळल्यावर ब्रश.

आता डाव्याची कड. ती माती नाही. ओला भाग जिथे संपला तिथे पाण्याने स्वतःबरोबर आणलेली घाण आणि चामड्यातला रंग सोडून दिलाय, आता प्राजक्ताताईंनी कॅनव्हासचं सांगितलं तेच इथे झालंय. फक्त कडेवर पाणी लावलं तर थोडं पुढे दुसरी कड येईल. म्हणून कड असलेला पूर्ण भाग, म्हणजे पंज्यावरचा तुकडा एका शिलाईपासून दुसऱ्या शिलाईपर्यंत, एकसारखा ओलसर करायचा. स्पंज भिजवून इतका पिळा की दाबला तर थेंब पडता कामा नये. बुटात बोळे भरून ठेवा, शिलाईपर्यंत न थांबता हलक्या हाताने सगळा भाग गडद होईपर्यंत लावा, कुठे ओघळ नको. पाणी शिलाईपाशी थांबतं त्यामुळे कड शिलाईत लपते. मग परत दोन दिवस पंखा. वाळताना मध्ये हात लावू नका.

वाळल्यावर लव बसलेली दिसेल. किटलीच्या वाफेपासून वीतभर लांब धरा, पाच-सात सेकंद, ओलं होईल इतकं नाही, आणि लगेच ब्रश, आधी उलटा मग सुलटा.

साईट_इंजिनिअर_ऐरोली | गुरुवार, सकाळी ८:१५

काका, एक विचारायचंय. पहिल्या तासात, चिखल ओला असताना, त्यात सिमेंट आहे हे माहीत असेल तर तुम्ही तरी वाळेपर्यंत थांबला असता का?

सुभाष_कळवा | गुरुवार, दुपारी १२:४०

खरं सांगू का, थर उचलून टाकला असता आणि ओलसर स्पंजने टिपून टिपून काढलं असतं, पुसलं नसतं. साध्या मातीला वाळू द्या हे मी शंभर टक्के सांगतो. सिमेंटच्या बाबतीत मी ते स्वतःच्या बुटावर करून बघितलेलं नाही, कामावर असे बूट आमच्याकडे वाळूनच यायचे.

साईट_इंजिनिअर_ऐरोली | गुरुवार, दुपारी १:०२

साईटवर स्वेड कोणी घालत नाही म्हणून माझ्याकडेही अनुभव नाही, फक्त रसायनाच्या बाजूने बोलतोय. कुणी केलं असेल तर लिहा.

मृणाल_मानपाडा | रविवार, सकाळी ११:३०

आठवडा झाला, म्हणून शेवटचं लिहिते.

उजवा बूट ९५ टक्के. व्हिनेगरने पांढुरकं दोन फेऱ्यांत गेलं, फक्त शिलाईच्या भोकांत तीन-चार पांढरे ठिपके राहिलेत. डाव्याची कड पूर्ण गेली! स्पंजने अख्खा पंजा गडद केला तेव्हा नवरा शेजारी उभा राहून सारखं विचारत होता की आता काय होणार, पण वाळल्यावर एकसारखा रंग आला. जिथे त्याने रुमालाने घासलं होतं तिथे मात्र वाफ देऊनही लव पूर्ण उभी राहिली नाही, ट्यूबलाइटच्या उजेडात तिरकं धरलं की तळहाताएवढा भाग थोडा चमकतो.

कॅनव्हास: न ब्लीच केलेल्या शूजवर लिंबूफूल तीन वेळा, कागद लावून वाळवला, कागदावर खरंच पिवळट तपकिरी रेघ आली आणि शूज पांढरा राहिला, टाचेवर फिका गुलाबीसर डाग आहे तेवढाच. ब्लीच केलेला दोन दिवस धुवून मग केला, नारिंगी बरंच गेलं पण रबराजवळची पिवळी रेघ कागदानेही अर्धीच निघाली. आता दोन शूज शेजारी ठेवले की वेगळे दिसतात. त्या पिवळ्या रेघेवर अजून काही करता येईल का?

प्राजक्ता_लॅब | रविवार, दुपारी १२:१०

पुन्हा भिजवून, दोन चमचे पांढरं व्हिनेगर घातलेल्या लिटरभर पाण्यात एकदा खंगाळ, साबणाचा अंश राहिला असेल तर तो जाईल, मग परत कागद. एकदाच करून बघ. गोंदाचा रंग कापडात मुरला असेल तर मग नाही निघणार.

सुभाष_कळवा | रविवार, दुपारी १:२०

डाव्या बुटाच्या चमकणाऱ्या भागावर अगदी बारीक सँडपेपर, ६०० नंबरचा, दोन-तीन वेळा हलका फिरवतात, लव परत उठते. पण हात जड पडला तर चामडं पातळ होतं. कळव्याला आलात तर बूट घेऊन या, मी समोर करून देतो, घरी पहिल्यांदाच करून बघू नका.

मृणाल_मानपाडा | रविवार, दुपारी १:३५

काका नक्की येते, पुढच्या शनिवारी चालेल का? दोन्ही बूट आणते, उजव्याच्या शिलाईतले ठिपके पण दाखवते.

संदीप८२ | रविवार, दुपारी २:००

काका, माझी पापुद्रेवाली बॅग टाकून दिली. आता खरं लेदर घ्यायचंय, दुकानात थेंबाची टेस्ट करू देतील का, की वासावरून कळतं?

सुभाष_कळवा | रविवार, दुपारी २:२५

वास आजकाल फवारतात, त्यावर जाऊ नका. चेनजवळ किंवा पट्ट्याच्या टोकाला कापलेली कड बघा. कापडाची वीण दिसली आणि त्यावर पातळ थर असेल तर पीयू. आतून धागे-धागे दिसले आणि थर वेगळा काढता येत नसेल तर चामडं. कडेला रंग मारून झाकलेली असेल तर दुकानदाराला उघडी कड दाखवायला सांगा.